खुले पत्र : धावताना तुमचे घड्याळ हृदय मोजते की पावले?

प्रति,
उत्पादन विभागप्रमुख व ग्राहकसेवा विभागप्रमुख,
(कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. तक्रारीच्या तपशिलावरून ती आपलीच आहे हे आपल्या लक्षात येईल.)

विषय : धावताना मनगटी घड्याळ आणि छातीपट्टा यांच्या हृदयगतीच्या नोंदींत येणारी मोठी तफावत

महोदय,

आपल्या कंपनीचे घड्याळ आणि आपल्याच कंपनीचा छातीपट्टा ही दोन्ही उपकरणे मी वापरते. दोन्ही अंगावर असताना, एकाच सरावात आणि एकाच क्षणी, घड्याळ मिनिटाला 170 ठोके दाखवते आणि पट्टा 140 दाखवतो. हा फरक क्षणभराचा असता तर पत्र लिहिण्याची वेळ आली नसती; तो पंधरा-पंधरा मिनिटे टिकतो आणि मग एकाएकी नाहीसा होतो. याबद्दल मी ग्राहकसेवेकडे नोंदींच्या फाइली जोडून तक्रार केली. घड्याळ घट्ट बांधावे, सेन्सरची काच पुसावी, घड्याळ रीसेट करावे, आणि इतके करूनही फरक राहिल्यास मनगटावरील मोजणीत थोडाफार फरक अपेक्षित असतो हे ध्यानात घ्यावे, असे उत्तर आले. पहिले तिन्ही उपाय तक्रार करण्याआधीच करून झाले होते आणि तसे तक्रारीत स्पष्ट लिहिलेही होते. राहता राहिले ते 'थोडाफार फरक' हे शब्द. माझ्याकडच्या नोंदींत जे दिसते आहे त्याला हे शब्द लागू पडत नाहीत, हे दाखवण्यासाठी पुढील मजकूर आहे.

तुलना कशी केली ते आधी सांगते, कारण ही तफावत आपल्या बहुतेक ग्राहकांना दिसतच नसावी. छातीपट्टा घड्याळाला जोडला की घड्याळ स्वतःचा सेन्सर बाजूला ठेवते आणि पट्ट्याचेच आकडे दाखवते व साठवते. म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही उपकरणे आहेत त्यालाही एका वेळी एकच आकडा दिसतो. त्यामुळे मी पट्टा घड्याळापासून तोडला, ब्लूटूथने फोनवरच्या एका नोंदणी ॲपला जोडला, आणि घड्याळाला केवळ स्वतःच्या सेन्सरवर चालू दिले. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, पट्टी हलणार नाही पण हात सुन्न होणार नाही इतकी घट्ट. नंतर दोन्ही नोंदी सेकंदासेकंदाने शेजारी शेजारी लावल्या. उपग्रहाच्या वेळेवर चालणारे घड्याळ आणि नेटवर्कच्या वेळेवर चालणारा फोन यांच्यात फार तर एखाद्या सेकंदाचा फरक राहतो, आणि येथे ज्या प्रमाणात तफावत आहे तिच्यापुढे तो नगण्य आहे.

आता एक सराव उदाहरणादाखल घेते. सपाट रस्ता, बोलता बोलता धावता येईल असा सावकाश वेग, एकूण 48 मिनिटे. उभे असताना दोन्ही उपकरणे नव्वदीच्या घरात, एकमेकांशी जुळलेली. धावायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या मिनिटाला घड्याळ 168 वर पोहोचले, तेव्हा पट्टा 138 दाखवत होता. पुढची सोळा मिनिटे घड्याळ 168 ते 171 या अरुंद पट्ट्यात खिळून राहिले. त्याच काळात पट्ट्याची नोंद हळूहळू चढत 141 पर्यंत गेली, जी त्या वेगाला आणि त्या श्वासाला शोभणारी होती. एकोणिसाव्या मिनिटाला बुटाची नाडी सुटली म्हणून मी थांबले. घड्याळाचा आकडा सहा-सात सेकंदांत 170 वरून 128 वर कोसळला. पट्टा मात्र 141 वरून 126 वर यायला पाऊण मिनिट लागले. नाडी बांधून पुन्हा धावू लागल्यावर घड्याळ 140 च्या आसपास स्थिरावले आणि शेवटपर्यंत पट्ट्याशी एक-दोन ठोक्यांच्या फरकाने जुळत राहिले. मनगट तेच होते, पट्टी तेवढीच घट्ट होती, वेगही तोच होता.

या नोंदीतली ती घसरण विशेष पाहण्यासारखी आहे. धावून थांबलेल्या माणसाचे हृदय पहिल्या मिनिटात पंधरा, वीस, तंदुरुस्त असेल तर तीस-चाळीस ठोक्यांनी उतरते. सहा सेकंदांत बेचाळीस ठोक्यांनी उतरत नाही. आलेखावर असा उभा कडा दिसला की त्याआधीचा आकडा हृदयाचा नव्हता, असे मानायला हरकत नाही. मग तो कशाचा होता? उत्तर आपल्याच फाइलीत आहे. घड्याळाने तयार केलेल्या `.fit` फाइलीत `heart_rate` च्या रकान्याशेजारी `cadence` चा रकाना असतो. त्या सोळा मिनिटांत त्यात 84 आणि 85 हे आकडे आहेत. धावण्याच्या नोंदीत हा रकाना एका पायाची पावले मोजतो, म्हणून दोन्ही पायांची मिळून मिनिटाला 168 ते 170 पावले झाली. फाइल वरवर चाळणाऱ्याला 84 आणि 170 यांत काही साम्य दिसणार नाही. दुप्पट केल्यावर मात्र दोन्ही रकाने एकमेकांवर बसतात. घड्याळ सोळा मिनिटे माझी पावले मोजून त्यांना हृदयाचे ठोके म्हणत होते.

हा निव्वळ योगायोग नाही याची खात्री करण्यासाठी एक चाचणी केली, जी आपल्या प्रयोगशाळेला आणि कोणाही ग्राहकाला सहज करता येईल. एकच वेग कायम ठेवून, मेट्रोनोमच्या ठोक्यावर आधी काही मिनिटे मिनिटाला 160 पावले टाकायची आणि मग, न थांबता, 174 पावले टाकायची. वेग तोच, पावले आखूड. असे केल्याने हृदयावरचा भार फारसा बदलत नाही. पट्ट्याची नोंद दोन्ही भागांत 141 ते 145 अशीच राहिली. घड्याळ पहिल्या भागात 160-161 वर होते आणि मेट्रोनोम बदलल्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत 174 वर गेले. दर वेळी असे होतेच असे नाही. काही सरावांत घड्याळ सुरुवातीलाच खऱ्या आकड्याला धरते आणि मग मेट्रोनोम कितीही बदलला तरी हलत नाही. परंतु एकदा ते पावलांना चिकटले की पावलांबरोबरच फिरते. धावणाऱ्यांमध्ये या दोषाला 'केडन्स लॉक' म्हणतात. आपल्या ग्राहकसेवेच्या उत्तरात हा शब्द एकदाही आलेला नाही.

आपल्या अभियंत्यांना यामागचे कारण ठाऊक असणारच, पण हे पत्र इतर धावणारेही वाचतील म्हणून ते थोडक्यात मांडते. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात आणि परत आलेला प्रकाश एक छोटा सेन्सर मोजतो. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढते, ते अधिक हिरवा प्रकाश शोषते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा 'किंचित' फार महत्त्वाचा आहे, कारण परतलेल्या एकूण प्रकाशात ठोक्यामुळे बदलणारा भाग जेमतेम काही टक्के असतो, आणि मनगट गार असेल, रक्तवाहिन्या आकसलेल्या असतील, तर त्याहूनही कमी. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडताच घड्याळ कातडीवर सूक्ष्मसे सरकते, खालचे मांस व शिरांतले रक्त हेलकावते, आणि या हालचालीने होणारा प्रकाशातील बदल ठोक्याच्या बदलाहून सहज मोठा ठरतो. तोही तालबद्ध असतो आणि त्याचा ताल माणसाच्या हृदयगतीला शोभेल अशाच पल्ल्यात पडतो. मिनिटाला 170 हा आकडा हृदयासाठी अशक्य असता तर घड्याळाने तो केव्हाच फेटाळला असता.

यावर उपाय म्हणून घड्याळातला त्वरणमापक हाताची हालचाल मोजतो आणि प्रकाशाच्या संकेतातून त्या तालाचा भाग वजा केला जातो. परंतु मनगटाचा हिसका आणि त्वचेखालच्या रक्ताचा हेलकावा यांचे नाते सरळ रेषेतले नाही, म्हणून वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. त्यातच हृदयगती आणि पावलांची गती खरोखरच एकमेकींजवळ आल्या तर पावले पुसताना ठोकेही पुसले जातात. मग आकडा ठरवण्यासाठी अल्गोरिदम मागच्या आकड्याचा आधार घेतो, कारण हृदयगती एका सेकंदात तीस ठोक्यांनी उडी मारत नाही हे त्याला शिकवलेले असते. एरवी हा नियम शहाणपणाचा आहे. पण सरावाच्या पहिल्या मिनिटांत, जेव्हा हात गार असतो, ठोका क्षीण असतो आणि पावले मात्र पहिल्याच सेकंदापासून 170 ने पडत असतात, तेव्हा एकदा चुकीचा ताल पकडला गेला की हाच नियम त्याला तिथे घट्ट धरून ठेवतो. गर्दीत ओळखीचा सदरा पाहून भलत्याच माणसामागे चालू लागावे आणि तो माणूस वाटेत कुठेतरी थांबेपर्यंत चूक कळू नये, तसे हे होते. म्हणूनच माझ्या नोंदीत घड्याळाला भान आले ते मी नाडी बांधायला थांबले तेव्हा: पावले बंद पडली, त्यांचा ताल संकेतातून गेला आणि मागे फक्त हृदय उरले.

हे काही कालपरवा उघड झालेले गुपित नाही. 2015 साली विद्यार्थ्यांच्या संघांसाठी भरवलेल्या आयईईई सिग्नल प्रोसेसिंग कप या स्पर्धेचा विषयच हा होता: ट्रेडमिलवर धावणाऱ्या माणसांच्या मनगटावरील प्रकाशाचे संकेत आणि त्वरणमापकाच्या नोंदी द्यायच्या, आणि त्यांतून खरी हृदयगती काढायची. उत्तरे तपासायला कसोटी म्हणून छातीवरचा ईसीजी होता. ज्या प्रश्नाची इतकी उघड चर्चा झालेली आहे, त्याविषयी ग्राहकाला 'काच पुसा' एवढेच सांगितले जावे, हे मला समजत नाही.

छातीपट्टाच खरा कशावरून, हा प्रश्न ग्राहकसेवेने विचारला होता आणि तो रास्त आहे. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत मोजतो, म्हणून तो पावलांना फसत नाही, पण त्याचे स्वतःचे दोष आहेतच. पट्ट्याच्या पाठीवरचे इलेक्ट्रोड कोरडे असतील तर घाम येईपर्यंत संपर्क नीट होत नाही. कोरड्या हवेत सैल, कृत्रिम धाग्याचा शर्ट फडफडला तर स्थिर विजेने खोटे ठोके नोंदले जातात. जुन्या पट्ट्याचे लवचिक कापड सैल पडते, बॅटरी उतरली की नोंद तुटू लागते. परंतु हे दोष ओळखता येतात, आणि ओळखता येतात ते पट्टा प्रत्येक दोन ठोक्यांमधले अंतरही पाठवतो म्हणून. वर सांगितलेल्या सरावात सुरुवातीच्या दीड मिनिटात पट्ट्यानेही काही वेळा 190 च्या वरचे आकडे दिले. तेथील अंतरे पाहिली तर 180 आणि लगेच 250 मिलिसेकंद अशा जोड्या आढळल्या, ज्यांची बेरीज 430 होते. म्हणजे एका खऱ्या अंतराच्या मध्येच एक खोटा ठोका घुसला होता. काही ठिकाणी उलट 860 च्या आसपासचे अंतर होते, म्हणजे एक ठोका सुटला होता. घाम आल्यावर हे थांबले आणि नंतरची अंतरे 425 ते 435 मिलिसेकंदांत सलग राहिली. एका मिनिटातले साठ हजार मिलिसेकंद 430 ने भागले की 139.5 येतात. तिसऱ्या मिनिटानंतर, जिथे घड्याळ 170 वर अडकले होते, तिथे पट्ट्याच्या अंतरांत एकही फाटलेली किंवा दुपटीची जागा नाही. मिनिटाला 170 ठोके खरे असते तर ठोक्यांमधले अंतर 353 मिलिसेकंद दिसायला हवे होते, आणि तसे ते कुठेही नाही.

पट्ट्याची चूक दातेरी, विस्कटलेली असते. पाहताच शंका येते. घड्याळाची चूक गुळगुळीत, आत्मविश्वासाने भरलेली असते, आणि मला तीच अधिक धोक्याची वाटते.

यापुढचा मुद्दा आपल्या दुसऱ्या उत्तराविषयी. पाठपुरावा केल्यावर मला असे कळवण्यात आले की संपूर्ण सरावाची सरासरी पाहिल्यास दोन उपकरणांतला फरक 'स्वीकारार्ह मर्यादेत' आहे. हा हिशेब मी मांडून पाहिला. 48 मिनिटांपैकी सोळा मिनिटे घड्याळ सुमारे तीस ठोके जास्त दाखवत होते आणि उरलेली बत्तीस मिनिटे जवळजवळ बरोबर होते. म्हणजे सरासरी फरक दहा ठोके. टक्केवारीत मांडले तर एक-तृतीयांश वेळ एकवीस टक्क्यांची चूक आणि बाकी वेळ नगण्य चूक, म्हणजे सरासरी सात-आठ टक्के. अशा उपकरणांच्या चाचणीत सरासरी निरपेक्ष चूक दहा टक्क्यांच्या आत असली की ती चालवून घेण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्या पद्धतीने हा सराव उत्तीर्ण ठरतो! ज्या नोंदीत एक-तृतीयांश वेळ हृदय मोजलेच गेले नाही, ती नोंद चाचणीत पास होते, यात दोष कसोटीचा आहे.

वेगवान इंटरव्हलच्या सरावात सरासरीचा हा पडदा आणखी दाट होतो. दोन मिनिटे जोरात आणि दोन मिनिटे हळू असे आलटून पालटून धावताना घड्याळ अर्धा मिनिट मागे राहते. जोराच्या भागात पट्टा 165 वर गेलेला असताना ते 145 दाखवते, आणि विसाव्यात पट्टा 140 वर उतरलेला असताना ते 160 वर रेंगाळते. आधी वीस कमी, मग वीस जास्त. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुसती वजाबाकी करून काढलेली सरासरी शून्याच्या जवळ येते. दोन मोजण्या एकमेकींशी जुळतात का हे पाहायचे असेल तर सरासरी फरकाबरोबर फरकांचा पसारा पाहिला पाहिजे, ही पद्धत ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 सालीच वैद्यकीय मोजमापांसाठी मांडली आणि आज ती सर्वत्र वापरली जाते. आपण आपल्या घड्याळाच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करता तेव्हा त्यात हा पसारा का दिला जात नाही?

चुकीचा आकडा पडद्यावर दिसून विरून गेला असता तर मी तो सहन केला असता. पण घड्याळ त्या आकड्यावर पुढचे सगळे इमले उभारते. वरच्या सावकाश सरावाला ॲपने 'थ्रेशोल्ड', म्हणजे कठीण सराव, अशी चिठ्ठी लावली, सरावाचा भार दुप्पट धरला आणि दोन दिवसांहून अधिक विश्रांती सुचवली. त्या वेगाला 170 ठोके लागतात असे गृहीत धरून व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा, अंदाज खाली आणला. एकदा सरावाच्या शेवटी घेतलेल्या लहान, जलद धावांमध्ये माझी पावले 190 च्या वर गेली, तेव्हा घड्याळाने माझी 'कमाल हृदयगती' आपोआप वाढवून घेतली, आणि त्या कमाल आकड्यावर बेतलेले सगळे झोन वर सरकले. त्यानंतर छातीपट्टा बांधून धावले तरी झोन चुकीचेच, कारण पट्ट्याचा खरा आकडा खोट्या मापावर मोजला जात होता. हे दुरुस्त करण्याची सोयही अपुरी आहे: झोन हाताने बदलता येतात, पण झालेल्या सरावातून केवळ हृदयगती वगळून भार पुन्हा मोजून घेता येत नाही. संपूर्ण सराव पुसावा लागतो, अंतरासकट.

सरावाच्या आकडेमोडीपलीकडेही याचे परिणाम आहेत. हृदयविकारानंतर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत राहून चालणारे-धावणारे लोक ही घड्याळे वापरतात. घड्याळ वैद्यकीय उपकरण नाही, अशी ओळ आपल्या माहितीपत्रकात आहे हे मला माहीत आहे. परंतु त्याच माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'अचूक हृदयगती' हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत.

मनगटावरच्या प्रकाशाने छातीवरच्या ईसीजीची बरोबरी करावी, अशी माझी मागणी नाही. माझी मुख्य मागणी अशी, की घड्याळाला खात्री नसेल तेव्हा त्याने आकडा दाखवू नये. पावलांची गती आणि हृदयगती ही दोन्ही त्याच यंत्रात, त्याच सेकंदाला उपलब्ध असतात. दोन्ही आकडे मिनिटभर किंवा अधिक काळ एकमेकांच्या दोन-तीनच्या फरकात राहिले, आणि पावले बदलताच हृदयगतीही तितकीच बदलली, तर संशय घेण्यासाठी नव्या सेन्सरची गरज नाही. शर्यतीत जीव तोडून धावणाऱ्याची हृदयगती खरोखरच 172 आणि पावलेही 172 असू शकतात, हे मान्य. म्हणूनच अशा वेळी आकडा बदलू नये, तर तो संशयास्पद असल्याची खूण पडद्यावर आणि फाइलीतही करावी, आणि खूण असलेला भाग सरावाचा भार, व्हीओटू मॅक्स व कमाल हृदयगती यांच्या हिशेबातून वगळावा. रिकामी जागा पाहून ग्राहक नाराज होईल ही भीती असेल, तर तो पर्याय सेटिंगमध्ये ठेवावा आणि निवड आमच्यावर सोडावी.

दुसरे असे की, छातीपट्टा जोडलेला असताना घड्याळाने स्वतःच्या सेन्सरची नोंदही फाइलीत वेगळ्या रकान्यात साठवावी. आज पट्टा जोडताच तो सेन्सर गप्प होतो आणि त्याबरोबर तुलनेची संधीही जाते. ही नोंद साठवायला किती जागा लागते हे आपण जाणता; एका सेकंदाला एक छोटा आकडा. पट्टा तोडून फोनला जोडण्याचा खटाटोप न करता हजारो ग्राहकांना आपल्या मनगटावर घड्याळ कितपत विश्वासार्ह आहे हे कळेल, आणि आपल्यालाही प्रयोगशाळेत मिळणार नाहीत इतक्या नोंदी मिळतील, अर्थात ग्राहकाने परवानगी दिली तर.

फर्मवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत 'हृदयगतीच्या अचूकतेत सुधारणा' अशी एक ओळ येते. कशात सुधारणा, कोणत्या हालचालीत, किती, आणि त्या बदल्यात काय बिघडले, यातले काहीही कळत नाही. मला एका अपडेटनंतर इंटरव्हलमधला उशीर कमी झाल्यासारखा वाटला आणि पावलांना चिकटण्याचे प्रकार मात्र वाढले. अल्गोरिदमला वेगाने उडी मारण्याची मुभा दिली तर असे होणे स्वाभाविक आहे, पण नेमके तेच झाले का, हे बाहेरून ठरवता येत नाही. ही देवघेव आपण जाणूनबुजून केली असेल तर तसे लिहावे. ज्याला सावकाश लांब पल्ल्याचे सराव करायचे आहेत तो त्या अपडेटसाठी थांबेल.

शेवटी ग्राहकसेवेविषयी. माझ्या तक्रारीला उत्तर देणाऱ्या व्यक्तींनी सौजन्य सोडले नाही आणि त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यापुढे जी उत्तरांची यादी ठेवलेली आहे तिच्यात या दोषाला जागाच नाही. ग्राहकाने पावलांचा रकाना दुप्पट करून हृदयगतीशी ताडून पाहिल्याचे लिहिले असेल, तर ती तक्रार 'काच पुसा' या पायरीवरून न फिरवता थेट सेन्सरवर काम करणाऱ्या अभियंत्यांकडे जावी, अशी व्यवस्था करावी.

वर उल्लेखलेल्या सरावाची आणि मेट्रोनोम चाचणीची घड्याळाची `.fit` फाइल, तसेच पट्ट्याची ठोक्यांमधल्या अंतरांसह नोंद, तक्रारीला आधीच जोडलेली आहे. घड्याळातील मूळ प्रकाश-संकेत मात्र माझ्या हाती येत नाहीत. ते साठवणारी चाचणी-आवृत्ती आपल्याकडे असेल आणि आपण ती माझ्या घड्याळावर घालू इच्छित असाल, तर हाच सराव त्याच वेगाने, 160 आणि 174 पावलांवर, पुन्हा करून फाइली पाठवायला मी तयार आहे. या पत्राचे लेखी उत्तर, आणि त्यात 'केडन्स लॉक' हा दोष आपण मान्य करता की नाही याचा स्पष्ट उल्लेख, अपेक्षित आहे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक व नियमित धावणारी